मंजुरीचा जिना : महाविद्यालयीन खरेदी-प्रक्रियेच्या स्विमलेन आकृतीची चिकित्सा

गोषवारा

महाविद्यालयाच्या खरेदी-प्रक्रियेतील कोणती पायरी कोणता विभाग पार पाडतो हे दर्शविण्यासाठी स्विमलेन आकृती काढण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे. अशी आकृती पुष्कळदा प्रक्रियेऐवजी अधिकाराची उतरंडच चितारते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. रसायनशास्त्र विभागासाठी करावयाच्या एका उपकरणाच्या खरेदीचे नमुना-उदाहरण घेऊन रूढ आकृती व सुधारित आकृती यांची तुलना केली आहे आणि आकृती खरी आहे की नाही हे ओळखण्याच्या काही कसोट्या मांडल्या आहेत.

बीजसंज्ञा : स्विमलेन आकृती, मार्गिका, हस्तांतर, खरेदी समिती, तरतूद, कार्यविभाजन

प्रस्तावना

जलतरण तलावात स्पर्धकांसाठी दोर बांधून जशा समांतर मार्गिका आखलेल्या असतात, तशा मार्गिका कागदावर आखून प्रत्येक मार्गिका एकेका विभागाला द्यावयाची आणि कामाची प्रत्येक पायरी ती करणाऱ्या विभागाच्या मार्गिकेत मांडावयाची, हे स्विमलेन आकृतीचे मूळ सूत्र होय. कामाच्या पायऱ्या चिन्हांनी मांडण्याची कल्पना जुनी आहे. फ्रँक व लिलियन गिलब्रेथ यांनी १९२१ मध्ये अमेरिकन यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढे प्रक्रिया-तक्त्यांची मांडणी केली होती. तथापि विभागवार मार्गिकांच्या आकृतीला व्यवस्थापनशास्त्रात जी प्रतिष्ठा मिळाली, तिचे श्रेय मुख्यतः गिअरी रमलर व ॲलन ब्राश यांच्या १९९० मधील ग्रंथाला दिले जाते. संस्थेच्या रचना-तक्त्यात विभागांच्या चौकटी ठळक असतात, परंतु काम बिघडते ते त्या चौकटींमधील रिकाम्या जागेत, म्हणजे एका विभागाकडून दुसऱ्याकडे काम जात असताना, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता.

हा मुद्दा लक्षात घेतला तर आकृतीत खरे महत्त्व कशाला आहे ते स्पष्ट होते. मार्गिकेच्या आतील चौकट विभागाचे काम सांगते. मार्गिकेची रेषा ओलांडणारा बाण हस्तांतर सांगतो. चौकटींची यादी साध्या परिपत्रकानेही देता येते. हस्तांतरे मात्र परिपत्रकात दिसत नाहीत आणि ती दाखविण्यासाठीच हा खटाटोप आहे. म्हणून आकृतीचे मूल्यमापन करताना चौकटींपेक्षा बाणांकडे पाहावयास हवे. याच दृष्टीने पुढील विवेचन केले आहे.

रूढ आकृतीचे स्वरूप

महाविद्यालयीन कार्यपद्धतीच्या पुस्तिकांत सर्वसाधारणपणे पुढील प्रकारची आकृती आढळते. वरून खाली चार मार्गिका असतात : मागणी करणारा विभाग, खरेदी समिती, लेखा शाखा आणि प्राचार्य. पहिल्या मार्गिकेत ‘मागणी’, दुसरीत ‘शिफारस’, तिसरीत ‘निधी तपासणी’ व चौथीत ‘मंजुरी’ अशी एकेक चौकट असते. प्रत्येक चौकटीतून एक बाण उजवीकडे व खाली उतरतो. ‘मंजुरी’च्या पुढे एक जाड वर्तुळ काढून आकृती संपते.

या आकृतीचा आकार जिन्यासारखा दिसतो आणि हा आकारच तिच्यातील दोषाची पहिली खूण आहे. ज्या आकृतीत प्रत्येक मार्गिकेला बाण एकदाच स्पर्श करतो, तिच्यातील मार्गिका पुसून टाकल्या तरी काही माहिती हरवत नाही. चार ओळींची क्रमवार यादी तेवढेच सांगू शकते. खऱ्या प्रक्रियेत काम एका विभागाकडे पुनःपुन्हा येते, परत जाते, अडते, दुरुस्त होऊन पुढे सरकते. जिना मात्र एकाच दिशेने चढतो. तो कामाचा क्रम सांगत नाही, पदांची श्रेणी सांगतो. थोडक्यात, रचना-तक्ताच आडवा करून त्याला मार्गिकांचे रूप दिले जाते.

एक नमुना-उदाहरण

हे प्रतिपादन तपासण्यासाठी एक काल्पनिक पण नेहमीच्या स्वरूपाचे उदाहरण घेऊ. रसायनशास्त्र विभागाला युव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर घ्यावयाचा आहे. विभागाचा अंदाज ३,५०,००० रुपयांचा असून अंदाजपत्रकात तेवढीच तरतूद आहे. ही तरतूद कोठून आली हे या आकृतीच्या कक्षेबाहेर आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ नुसार महाविद्यालय विकास समिती अंदाजपत्रक तयार करून व्यवस्थापनाकडे मान्यतेसाठी शिफारस करते. ती स्वतंत्र प्रक्रिया आहे. आपली आकृती मागणीपत्रापासून सुरू होते.

काम प्रत्यक्षात कसे फिरते ते पाहू. मार्गिका पाच लागतात, कारण रूढ आकृतीतून भांडार शाखा वगळलेली असते. विभाग मागणीपत्र व तांत्रिक तपशील तयार करून लेखा शाखेकडे पाठवितो. लेखा शाखा तरतूद शिल्लक आहे की नाही ते पाहून कागद प्राचार्यांकडे पाठविते. प्राचार्य तत्त्वतः मान्यता देतात. खरेदी समिती दरपत्रके मागविते व ठरलेल्या दिवशी उघडते. देऊ केलेली उपकरणे तांत्रिक तपशिलात बसतात का, याची छाननी विभाग करतो. समिती तुलनात्मक तक्ता करून शिफारस करते. लेखा शाखा शिफारस झालेला दर पुन्हा तरतुदीशी ताडून पाहते. प्राचार्य खर्चास मंजुरी देऊन पुरवठादाराला खरेदी आदेश देतात व त्याची प्रत भांडार शाखेस जाते. भांडार शाखा माल मोजून ताब्यात घेते. विभाग उपकरण बसवून घेतो, चाचणी करतो व समाधानकारक कार्याचा दाखला देतो. भांडार शाखा जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, नोंद करते. शेवटी लेखा शाखा देयक तपासून पैसे अदा करते.

मोजून पाहिल्यास रूढ आकृतीत मार्गिकेची रेषा तीन वेळा ओलांडली जाते. वरील क्रमात ती अकरा वेळा ओलांडली जाते. धनादेशावरील स्वाक्षरीसाठी कागद प्राचार्यांकडे जाऊन परत येतो हे स्वतंत्र धरले तर तेरा वेळा. विभागाची मार्गिका तीनदा येते, लेखा शाखेचीही तीनदा. अकरापैकी आठ हस्तांतरे जिन्याने दृष्टीआड केली आहेत, आणि कागद अडतो तो बहुधा याच ठिकाणी.

पुरवठादार हा संस्थेचा विभाग नव्हे, म्हणून त्याला सहावी मार्गिका देणे योग्य नाही. बीपीएमएन या आंतरराष्ट्रीय चिन्हपद्धतीत याचा विचार नेमका केलेला आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व २०१३ मध्ये आयएसओ मानक म्हणून स्वीकारल्या गेलेल्या या पद्धतीत संस्था म्हणजे एक ‘पूल’ व त्यातील विभाग म्हणजे ‘लेन’ असतात. कामाचा क्रम दाखविणारा सलग बाण लेन ओलांडू शकतो, पूल ओलांडू शकत नाही. दोन पूलांमध्ये फक्त निरोप दाखविणारी तुटक रेषा जाऊ शकते. या नियमात व्यवहाराचे शहाणपण आहे. दरपत्रक मागविणे, आदेश पाठविणे, माल व देयक येणे हे सर्व निरोप किंवा देवघेव आहेत. पुरवठादाराच्या कामावर महाविद्यालयाचा हुकूम चालत नाही आणि आकृतीनेही तसा आभास निर्माण करू नये.

‘मंजुरी’ या शब्दाआड दडलेले प्रश्न

रूढ आकृतीतील दुसरा दोष शब्दयोजनेचा आहे. ‘मंजुरी’, ‘तपासणी’, ‘शिफारस’ ही नामे चौकटीत लिहिली की काम झाल्यासारखे वाटते, परंतु काय तपासले हे कळत नाही. वरील उदाहरणात निदान चार वेगवेगळे प्रश्न विचारले जातात. तरतूद आहे काय? उपकरण तांत्रिक तपशिलात बसते काय? दर वाजवी आहे काय? शिफारस झालेला दर तरतुदीच्या आत आहे काय? पहिल्या व चौथ्या प्रश्नाचे उत्तर लेखा शाखा देते, दुसऱ्याचे विभाग आणि तिसऱ्याचे समिती. प्राचार्यांची मंजुरी या उत्तरांवर उभी असते. म्हणून प्रत्येक निर्णयस्थळी समभुज चौकोन काढून त्यात प्रश्न लिहावा आणि त्यातून ‘होय’ व ‘नाही’ असे दोन बाण काढावेत. ज्या आकृतीत ‘नाही’चा एकही बाण नाही, ती कोणतीही मागणी कधीच नाकारली जात नाही असे सांगत असते.

तरतुदीचा प्रश्न दोनदा का विचारावा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. रूढ आकृतीत तो एकदाच, समितीच्या शिफारशीनंतर विचारला जातो. तसे केल्यास तरतूदच नसलेल्या वस्तूसाठी दरपत्रके मागविण्याचे श्रम वाया जातात. उलट तो फक्त आरंभी विचारला तर तपासला जातो तो केवळ अंदाज. आपल्या उदाहरणात तांत्रिक दृष्टीने पात्र ठरलेल्यांपैकी सर्वांत कमी दर ३,२०,००० रुपये आला असे समजू. हा आकडा अंदाजापेक्षा कमी असल्याने समितीने शिफारस केली. परंतु त्यावर १८ टक्के दराने वस्तू व सेवा कर, म्हणजे ५७,६०० रुपये, धरल्यास एकूण रक्कम ३,७७,६०० रुपये होते आणि तरतुदीपेक्षा २७,६०० रुपये जास्त भरते. दुसरी तपासणी आकृतीत नसेल तर ही तफावत देयक आल्यावर उघड होईल. तोवर उपकरण प्रयोगशाळेत बसविलेले असेल.

येथे ‘नाही’चा बाण कोठे न्यावयाचा हा प्रश्न उपस्थित होतो आणि माझ्या मते आकृती काढणाऱ्याची खरी परीक्षा येथेच होते. एक बाण प्राचार्यांच्या मार्गिकेत जाऊ शकतो. सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने अन्य शीर्षातील शिल्लक रक्कम वळवून, म्हणजे पुनर्विनियोजनाने, तूट भागविता येते. दुसरा बाण विभागाकडे जाऊ शकतो. तपशिलातील एखादे जादा उपांग वगळून किंमत उतरविता येते. पण तपशील बदलल्यावर पुढचा बाण थेट समितीच्या शिफारशीकडे नेला तर ती आकृती अनुचित व्यवहाराला वाट करून देते. नव्या, कमी तपशिलावर अन्य पुरवठादारांनाही दर देण्याची संधी मिळावयास हवी, म्हणून तो बाण दरपत्रके मागविण्याच्या चौकटीकडेच परत गेला पाहिजे. दोन चौकटींच्या अंतराचा हा फरक आहे, परंतु लेखापरीक्षणात आक्षेप येणार की नाही हे त्यावर ठरू शकते.

मार्गिका वेगळ्या, व्यक्ती एक

स्विमलेन आकृतीचा एक गुण असा की कार्यविभाजन एका दृष्टिक्षेपात दिसते. आदेश देणारा, माल ताब्यात घेणारा व पैसे अदा करणारा हे तिघे वेगळे असावेत, हे खरेदीतील मूलभूत पथ्य आहे. सुधारित आकृतीत या तीन पायऱ्या प्राचार्य, भांडार व लेखा अशा तीन मार्गिकांत पडतात. रूढ आकृती मंजुरीशीच संपत असल्याने हे पथ्य पाळले जाते की नाही हे तिच्यावरून कळूच शकत नाही. खरेदीचा शेवट मंजुरीत नसून पैसे अदा होण्यात आहे, तेव्हा समाप्तीचे जाड वर्तुळ लेखा शाखेच्या मार्गिकेतच काढावयास हवे.

या शेवटच्या टप्प्यात आणखी एक बारकावा आहे. देयक पुरवठादाराकडून येते, तर मालाची नोंद व चाचणीचा दाखला भांडार शाखेमार्फत येतो. हे कागद वेगवेगळ्या वाटांनी व वेगवेगळ्या दिवशी लेखा शाखेत पोहोचतात. ते सर्व आल्याशिवाय प्रदान होऊ नये हे दाखविण्यासाठी बीपीएमएनमध्ये समभुज चौकोनात अधिकचिन्ह काढतात. त्याचा अर्थ, येणाऱ्या सर्व वाटा पूर्ण झाल्यावरच पुढे जावे. हे चिन्ह वगळून देयकाचा बाण थेट प्रदानाशी जोडला, तर माल पोहोचला पण उपकरण चालत नाही अशा स्थितीतही पैसे अदा करणे आकृतीनुसार नियमबाह्य ठरत नाही.

परंतु कार्यविभाजनाचा हा गुणच कधी कधी फसवा ठरतो. मार्गिकेला भूमिकेचे नाव असते आणि भूमिका पार पाडणारी व्यक्ती आकृतीत दिसत नाही. प्राचार्यच खरेदी समितीचे अध्यक्ष असतील, तर ‘समितीची शिफारस’ आणि ‘प्राचार्यांची मंजुरी’ या दोन मार्गिकांतील दोन चौकटींवर एकाच व्यक्तीची स्वाक्षरी पडते. आकृतीत नियंत्रण दिसते, प्रत्यक्षात ते नसते. केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम १५५ येथे मार्गदर्शक ठरावा. त्यात स्थानिक खरेदी समिती तीन सदस्यांची असून तिने बाजारातील दर, गुणवत्ता व तपशील पाहून पुरवठादार निश्चित करावा आणि शिफारशीपूर्वी सर्व सदस्यांनी संयुक्त प्रमाणपत्र नोंदवावे, अशी व्यवस्था आहे. म्हणजे शिफारस ही सामूहिक जबाबदारीची कृती आहे, मंजुरीची पूर्वतयारी म्हणून केलेला उपचार नव्हे. यावर साधा उपाय असा की प्रत्येक मार्गिकेच्या शीर्षाखाली ती भूमिका सध्या कोणत्या पदाकडे आहे ते लिहावे. एकच पद दोन शीर्षांखाली आले की वाचकाच्या ते लगेच ध्यानात येते. मागणी करणाऱ्या विभागाचे प्रमुख समितीचेही सदस्य असतील तर तेथेही हीच कसोटी लावावी.

आकृती कशावरून काढावी

येथवर दाखविलेल्या दोषांचे मूळ बव्हंशी एकच आहे : आकृती नियमपुस्तिकेवरून किंवा बैठकीतील चर्चेवरून काढली जाते. दोन्ही ठिकाणी काम कसे व्हावयास हवे हे सांगितले जाते. काम कसे होते हे सांगणारा साक्षीदार म्हणजे पूर्ण झालेली नस्ती. गेल्या वर्षातील चार-पाच बंद नस्त्या घ्याव्यात. त्यांतील टिपणी पृष्ठे क्रमाने वाचावीत आणि प्रत्येक टिपणीसाठी कोणाकडून, कोणाकडे, कोणत्या दिनांकास, कशासाठी एवढे चार तपशील उतरून घ्यावेत. आवक-जावक नोंदवहीशी ते ताडून पाहावेत. प्रत्येक नोंद ही एक चौकट व ‘कोणाकडून-कोणाकडे’ हा एक बाण. पाच नस्त्यांपैकी तिहींत कागद लेखा शाखेकडून विभागाकडे परत गेलेला आढळला, तर तो परतीचा बाण अपवाद न समजता आकृतीत घेतला पाहिजे.

दिनांकांचा आणखी एक उपयोग आहे. समजा, कागद ४ तारखेला लेखा शाखेत आला, ६ तारखेला तेथे टिपणी झाली आणि प्राचार्यांच्या कार्यालयात त्याची आवक १८ तारखेस नोंदली गेली. लेखा शाखेला काम करण्यास दोन दिवस लागले. उरलेले बारा दिवस कोणत्याच चौकटीत नाहीत, ते बाणावर आहेत. तोंडी चौकशी केली असता लेखा शाखा आपण दोन दिवसांत काम केल्याचे सांगेल व प्राचार्यांचे कार्यालय कागद १८ तारखेला आल्याचे सांगेल. दोघेही खरे बोलत असतील. रमलर व ब्राश यांनी ज्या रिकाम्या जागेकडे लक्ष वेधले ती हीच. म्हणून मार्गिका ओलांडणाऱ्या प्रत्येक बाणावर सरासरी दिवसांची संख्या लिहिण्याची सूचना येथे करावीशी वाटते.

अशा रीतीने मिळालेली आकृती ‘आहे तशी’ प्रक्रिया दाखविते. ‘असावी तशी’ आकृती तिच्यावरून, पण वेगळ्या कागदावर काढावी. दोन्ही एकत्र केल्या तर कोणता बाण वस्तुस्थिती व कोणता अपेक्षा हे पुढे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

मर्यादा

या आकृतीच्या काही मर्यादा मान्य केल्या पाहिजेत. रकमेनुसार खरेदीची पद्धत बदलते. काही शेकडा रुपयांच्या काचसामानासाठी अकरा हस्तांतरे हास्यास्पद होतील आणि मोठ्या रकमेसाठी निविदा लागते. हे सर्व पर्याय एकाच आकृतीत कोंबले की ती वाचता येत नाही. प्रत्येक खरेदी-मर्यादेसाठी स्वतंत्र आकृती काढून त्या मर्यादा आकृतीच्या शीर्षात वर्षासह लिहिणे अधिक सोयीचे, कारण वित्तीय मर्यादा वेळोवेळी बदलतात. तसेच निर्णयाची गुणवत्ता आकृतीत दिसत नाही. तांत्रिक तपशील एकाच उत्पादकाला अनुकूल असा लिहिला गेला असेल, तर पुढील सर्व बाण बिनचूक असूनही स्पर्धा झालेली नसते. तो दोष ‘मागणीपत्र’ या पहिल्याच चौकटीच्या आत असतो आणि तेथपर्यंत आकृतीची दृष्टी पोहोचत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की खरेदी-मंजुरीची स्विमलेन आकृती तपासताना पाच गोष्टी पाहणे पुरेसे आहे. तिचा आकार निव्वळ जिन्याचा आहे काय? प्रत्येक निर्णयातून ‘नाही’चा बाण निघतो काय व तो योग्य चौकटीकडे परततो काय? शेवट मंजुरीवर होतो की प्रदानावर? एकच पद दोन मार्गिकांत बसलेले आहे काय? आणि ती नस्तीवरून काढली आहे की नियमपुस्तिकेवरून? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे आकृतीकडे पाहूनच मिळतात. उरलेल्या दोहोंसाठी कार्यालयात जाऊन नस्ती उघडावी लागते, आणि रूढ आकृती काढताना नेमके तेच राहून गेलेले असते.